रात्री दीड वाजता भुंकणारा खोकला

डॉक्टर, आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहतो. मुलगा 19 महिन्यांचा, वजन 11 किलो. दोन दिवस नाक वाहत होतं, अंग जरा कोमट, बाकी खेळत होता. शनिवारी रात्री व्यवस्थित झोपला आणि दीडच्या सुमाराला उठून चक्क कुत्र्यासारखा भुंकायला लागला. मिस्टरांना आधी वाटलं, खाली सोसायटीतलं कुत्रं आहे. रडला की श्वास आत घेताना घर्र आवाज. सासूबाई म्हणाल्या, हा डांग्या खोकला, बाथरूम गरम पाण्याने भरून वाफ द्या. आम्ही शेजाऱ्यांचा नेब्युलायझर आणून त्यांच्या मुलाचं दम्याचं औषध दिलं, तर हा जास्तच रडला. ऑक्सिमीटर मात्र 98 दाखवत होता. शेवटी गाडी काढली आणि माजिवड्याला पोहोचेपर्यंत गडी खिडकीतून ट्रकना टाटा करत होता! हॉस्पिटलमध्ये 'क्रूप' लिहिलं, तोंडावाटे एक औषध पाजलं, दोन तास बसवलं आणि घरी पाठवलं. अँटिबायोटिक नाही, एक्स-रे नाही, खोकल्याचं औषधही नाही. घरी येऊन शोधलं तर ते स्टेरॉईड निघालं. एवढ्याशा मुलाला स्टेरॉईड? आणि पुन्हा असं झालं तर आम्ही नेमकं काय बघायचं, कधी निघायचं?
— एक आई, ठाणे

त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी केलं तेच मीही केलं असतं, आणि एक्स-रे मीही काढला नसता. क्रूपमध्ये ज्या औषधाचा उपयोग अगदी पक्का ठाऊक आहे ते तुमच्या मुलाला मिळालं. जे मिळालं नाही त्याची गरज नव्हती.

आधी हे भुंकणं येतं कुठून ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. गळ्यात स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासनलिकेभोवती कूर्चेचं एक कडं असतं. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं ते लवचिक हाड. श्वासनलिकेची खालची कडी घोड्याच्या नालेसारखी, मागून उघडी असतात. हे एकच कडं बांगडीसारखं पूर्ण गोल आहे. सर्दीचा विषाणू (बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएंझा नावाचा) नाकातून खाली उतरतो आणि या बांगडीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. बांगडी काही पसरत नाही, म्हणून सगळी सूज आतल्या बाजूला येते. तुमच्या मुलाच्या वयात ही वाट साधारण 5 मिलिमीटरची असते. चहूबाजूंनी फक्त 1 मिलिमीटर सूज आली तरी 3 मिलिमीटर उरते, म्हणजे हवा जायला आधीच्या जागेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा. तुमच्या-माझ्या गळ्यात तेवढीच सूज आली तर आवाज बसतो आणि आपण मिठाच्या गुळण्या करून ऑफिसला जातो. म्हणून क्रूप हा सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आजार. त्याच सर्दीने घरातल्या थोरल्याला नुसतं नाक गळतं आणि धाकटा भुंकतो.

सुजलेल्या, अरुंद वाटेतून खोकला बाहेर पडला की तो भुंकल्यासारखा वाजतो. स्वरतंतू सुजले की रडण्याचा आवाज घोगरा होतो. आणि त्या फटीतून हवा जोराने आत ओढली की तुम्ही ऐकलात तो घर्र आवाज येतो. आम्ही त्याला स्ट्रायडर म्हणतो. तो मुख्यतः श्वास आत घेताना येतो, हे लक्षात ठेवा. दम्याची किंवा बाळदम्याची शिट्टी श्वास सोडताना येते, छातीतून येते.

सासूबाईंचा डांग्या खोकल्याचा अंदाज चुकला, पण तो का चुकला हे त्यांनाही सांगा, कारण ही गल्लत मी दर वर्षी ऐकते. डांग्या खोकल्यात उबळ येते: एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत न देता खोकला, तोंड लाल, मग हूप करून लांब श्वास आणि बऱ्याचदा उलटी. दोन उबळींच्या मध्ये मूल ठीक दिसतं, आवाज बसत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. क्रूप दोन दिवसांच्या सर्दीवर स्वार होऊन एका रात्रीत येतो, आणि त्याचं भुंकणं बहुतेक मुलांत दोन-तीन रात्रींत ओसरतं. साधा खोकला त्यानंतर आठवडाभर रेंगाळू शकतो.

आता मुख्य प्रश्न, काय बघायचं. भुंकण्याचा आवाज किती मोठा यावरून आजार किती गंभीर हे कळत नाही. मी अख्खा मजला जागा करणारा खोकला घेऊन आलेली, पण खोलीत पळत असलेली मुलं पाहिली आहेत, आणि जवळजवळ खोकतच नसलेलं, पण श्वासासाठी झगडणारं मूलही पाहिलंय. बघायचा तो श्वास, आणि तोही मूल शांत असताना. रडताना सूज असलेल्या कोणत्याही मुलाला घर्र होणारच. म्हणून आधी त्याला खांद्यावर किंवा मांडीत उभं धरा, मोठा दिवा लावू नका, घरातल्या चार माणसांना खोलीबाहेर पाठवा. तो रडायचा थांबला की अंगातलं झबलं वर करा आणि घड्याळ लावून अर्धा मिनिट नुसतं बघा. छातीच्या मधल्या हाडाच्या वर, गळ्याच्या पायथ्याशी जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय का? बरगड्यांच्या खाली आणि मध्ये खड्डे पडतायत का? आणि शांत असूनही घर्र ऐकू येतंय का?

शांत असताना आवाज नाही, खळगा स्थिर, फक्त मधूनमधून भुंकणं: हा सौम्य क्रूप. रात्री घरी राहता येतं आणि सकाळी डॉक्टरांकडे जाता येतं. शांत बसलेला असताना किंवा झोपेतही घर्र येतंय आणि खळगा आत जातोय: निघा, सकाळची वाट पाहू नका. आणि खड्डे खोल पडतायत, मूल अस्वस्थ होऊन तडफडतंय, किंवा त्याहून वाईट म्हणजे तडफडून तडफडून मलूल पडायला लागलंय, ओठांचा रंग फिकट किंवा निळसर आहे, तर 108 ला फोन करा आणि तो येईपर्यंत मुलाला त्याला सोयीची वाटेल त्या स्थितीत, बसतं धरून ठेवा. या शेवटच्या अवस्थेत एक फसवी गोष्ट घडते. मूल थकलं की हवा कमी आत जाते आणि घर्र आवाज चक्क हळू होतो. छाती अजून ओढली जात असताना आवाज कमी झाला, तर ती सुधारणा नाही.

तुमच्या ऑक्सिमीटरवरच्या 98 चा त्या रात्री काही उपयोग नव्हता. करोनानंतर ठाण्यातल्या प्रत्येक घरात ते यंत्र आलं आणि त्या काळात त्याने कामही केलं, पण तो आजार फुप्फुसाचा होता. क्रूपमध्ये फुप्फुस ठीक असतं. अडचण वरच्या दाराशी असते आणि मूल जोर लावून पुरेशी हवा ओढून घेत असतं, त्यामुळे आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो. तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिवाय मोठ्यांच्या बोटाचा चिमटा 19 महिन्यांच्या बोटावर नीट बसत नाही आणि हलणाऱ्या हातावर काहीही दाखवतो. 98 पाहून थांबू नका आणि 91 पाहून घाबरून त्याला झोपवून पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. त्यापेक्षा मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, छाती उघडी आणि आवाज चालू ठेवून. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत मूल हसत असलं तरी डॉक्टरांना दीड वाजताचं मूल दिसतं.

तसं ते हसत असतंच. गाडीत बरं होणं हे क्रूपचं इतकं ठरलेलं आहे की रात्री दोन वाजता लाजल्यासारखे चेहरे करून उभे राहिलेले आईबाप पाहिले की अर्धं निदान तिथेच होतं. याची कारणं दोन-तीन आहेत. तो उभा होता, रडायचा थांबला होता, आणि खिडकीतून गार हवा येत होती. रडताना मूल हवा जोरात ओढतं. अरुंद नळीतून जोरात ओढलं की नळीची मऊ भिंत आणखी आत येते, जशी नारळपाण्याची स्ट्रॉ जोरात ओढल्यावर चपटी होते. हळू ओढलं तर तीच स्ट्रॉ चालते. क्रूपमध्ये मुलाला शांत ठेवणं हे खरोखरचं औषध आहे ते या कारणाने. गार हवेचं म्हणाल तर जिनिव्हातल्या डॉक्टरांनी 2023 मध्ये त्याचा चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या मुलांना औषध दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बाहेरच्या थंडीत ठेवलं, निम्म्यांना आत. बाहेरच्यांची लक्षणं लवकर हलकी झाली. पण तिथे बाहेर 10 अंशांपेक्षा कमी तापमान होतं. वाघबीळच्या बाल्कनीत जानेवारीतही तेवढी थंडी मिळणार नाही. मुलाला पांघरूण गुंडाळून दहा मिनिटं बाल्कनीत उभं राहायला हरकत नाही, त्याला बरं वाटलं तर चांगलंच. फक्त त्या भरवशावर निघायचं लांबवू नका. फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर धरण्याचे प्रयोग लोक करतात, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

वाफेबद्दल मात्र म्हणेन. माझ्या शिकाऊ दिवसांत आम्ही स्वतः क्रूपच्या मुलांना वाफेच्या तंबूत ठेवायचो. घामाने चिंब झालेलं मूल, आत दिसेनासा झालेला त्याचा चेहरा, बाहेर रडणारी आई. तेव्हा ते शास्त्र होतं. पुढे टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात याची रीतसर तपासणी झाली. 2006 साली निष्कर्ष आले. दमट हवा भरपूर दिली काय आणि जवळजवळ नाही दिली काय, मुलांच्या श्वासात काही फरक पडला नाही. गरम वाफेने मात्र दर थंडीत मुलं भाजतात. मांडीवर वळवळणारं मूल आणि शेजारी उकळतं पातेलं, यापेक्षा वेगळं काय होणार? म्हणून वाफ नाही. पाण्यात कापराची वडी तर मुळीच नाही, छातीला कापूर असलेलं मलमही नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर बाधतो, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ओव्याची पुरचुंडी नुसती उशाशी ठेवायची असेल तर ठेवा, ती काही करत नाही. ओव्याची किंवा वावडिंगाची धुरी मात्र नको, धुराने सुजलेल्या गळ्याचं भलं होत नाही.

शेजाऱ्यांच्या नेब्युलायझरचं काय चुकलं? यंत्राचं काही नाही, औषधाचं. दम्याच्या मुलाला बहुतेक साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल देतात. ते फुप्फुसातल्या बारीक नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. क्रूपमध्ये अडथळा गळ्यात आहे आणि तो स्नायूंचा नाही, सुजेचा आहे. ते औषध तिथे काही सोडवू शकत नाही. उलट छाती धडधडते, तोंडावर मास्क दाबल्याने मूल रडतं, आणि रडण्याने काय होतं ते वर आलंच. त्याच यंत्रातून दोन औषधं क्रूपमध्ये खरंच चालतात. एक बुडेसोनाईड, तेही स्टेरॉईडच, पण श्वासावाटे जाणारं. मूल तोंडातून घेतलेलं ओकून टाकत असेल तर डॉक्टर ते देतात. डोस 2 मिलिग्रॅमचा असतो, दम्याच्या मुलांना घरी मिळतो त्याहून पुष्कळ जास्त, त्यामुळे शेजाऱ्यांकडची एक कुपी त्याला पुरत नाही. दुसरं ॲड्रिनलिन. ते दवाखान्यातच देतात, जास्त आजारी मुलाला. त्याने सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दहा ते तीस मिनिटांत मूल डोळ्यांदेखत मोकळं होतं. पण असर दोनेक तासांत उतरतो, स्टेरॉईडने तोवर पकड घेतलेली नसेल तर लक्षणं परत येऊ शकतात. म्हणून ॲड्रिनलिन दिलेल्या मुलाला दोन ते चार तास तरी तिथेच ठेवून बघतात. कधी ते दिलं आणि "आता छान आहे, जाऊ का" असं तुमच्या मनात आलं, तर जाऊ नका.

आता स्टेरॉईड. त्या औषधाचं नाव बहुधा डेक्सामेथासोन असणार. काही ठिकाणी प्रेडनिसोलोनचं सिरप देतात, तेही चालतं. डेक्सामेथासोनचा क्रूपमधला डोस मुलाच्या किलोमागे 0.15 ते 0.6 मिलिग्रॅम. तुमच्या 11 किलोच्या मुलासाठी म्हणजे साधारण 1.65 ते 6.6 मिलिग्रॅम, एकदाच. वेगवेगळ्या देशांचे डॉक्टर या दोन आकड्यांमध्ये वेगवेगळा डोस निवडतात, म्हणून कागदावर कोणता आकडा आहे यावरून काळजी करू नका. पोटातून दिलेलं औषध सुईइतकंच लागू पडतं, आणि सुईने मूल रडतं. त्या डॉक्टरांनी पाजलं हे चांगलं केलं. असर एक-दोन तासांत सुरू होतो आणि दोन दिवसांच्या आसपास टिकतो, म्हणजे क्रूपच्या जोराच्या रात्री झाकल्या जातात. रोज गोळी देत बसायची गरज पडत नाही ती त्यामुळेच. कॅनडातल्या डॉक्टरांनी सौम्य क्रूपच्या 720 मुलांना एकदाच हे औषध किंवा दिसायला तसंच खोटं औषध दिलं. 2004 साली ते प्रसिद्ध झालं. खोटं औषध मिळालेल्या शंभरातल्या पंधरा मुलांना पुन्हा डॉक्टरांकडे आणावं लागलं, औषध मिळालेल्यांपैकी सातांना. 

स्टेरॉईडबद्दलची जी भीती आहे, तोंड सुजणं, वाढ खुंटणं, प्रतिकारशक्ती खालावणं, ती आठवडे-महिने रोज घेतलेल्या औषधाची आहे, आणि त्या बाबतीत ती रास्त आहे. एका डोसाने मूल एखादा दिवस चिडचिडं होईल, भूक जास्त लागेल, एखादी उलटी होईल. एकच गोष्ट डॉक्टरांना आधी सांगायची: घरात किंवा पाळणाघरात नुकत्याच कांजिण्या आल्या असतील तर. आणि एक विनंती, उरलेली बाटली किंवा गोळी कपाटात ठेवून पुढच्या खोकल्याला स्वतःच देऊ नका. प्रत्येक भुंकणारा खोकला क्रूप नसतो.

कोणता नसतो? अचानक भर दिवसा, खेळता-खाता ठसका लागून सुरू झालेला, आधी सर्दी नसलेला. तिथे शेंगदाणा, चण्याची डाळ किंवा सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकली आहे असं धरून चाला आणि थेट हॉस्पिटल गाठा. ताप 39 अंशांच्या वर, मूल आजारी-काळवंडलेलं, तोंडातून लाळ गळतेय, गिळवत नाही, आणि भुंकणं मात्र फारसं नाही, तर गळ्यातल्या वेगळ्या, धोक्याच्या सुजेचा विचार करावा लागतो. अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघू नका, आडवंही करू नका. क्रूपमधून बरं होत असताना दोन-तीन दिवसांनी अचानक चढलेला ताप आणि पुन्हा बिघडलेला श्वास यांचाही अर्थ वेगळा, श्वासनलिकेत जिवाणू शिरले असण्याची शक्यता. तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि तेही शिरेतून. साध्या क्रूपला ते लागत नाही, कारण हा आजार विषाणूचा. खोकल्याच्या सिरपचं म्हणाल तर त्यातली काही मुलाला गुंगी आणतात, आणि आपल्याला तर मूल स्वतःहून मलूल होतंय का हेच बघायचं असतं. एक्स-रेमध्ये क्रूपची श्वासनलिका देवळाच्या शिखरासारखी वर निमुळती दिसते, चित्र छान येतं. पण निदान कानाने झालेलं असताना त्यासाठी मुलाला रडवायचं कशाला?

समजा, पुन्हा सर्दी झाली आणि एका रात्री दीड वाजता तेच. मिस्टरांनी दिवा न लावता त्याला उचलायचं, सासूबाईंच्या मांडीत द्यायचं. आजीच्या मांडीत मूल सगळ्यात लवकर निवतं असा माझा अनुभव आहे, आणि वाफेपेक्षा हे काम त्यांना जास्त शोभेल. पाण्याचे दोन-दोन घोट द्या. अंगात ताप असेल तर पॅरासिटामॉल, किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला सुमारे 165. बाटली उलटी करून वाचा: 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असेल तर साधारण 7 मिली, 250 असेल तर 3 मिलीच्या थोडं वर. या दोन बाटल्यांची अदलाबदल मी फार पाहते. दहा-पंधरा मिनिटांत तो शांत झाला की झबलं वर, अर्धा मिनिट बघणं, व्हिडिओ. आवाज नाही, खळगा स्थिर, तर त्याच्याशेजारी झोपा आणि तासाभराने पुन्हा झोपेतला श्वास बघा. शांत असूनही घर्र आहे, तर दोन वाजताच निघा.

दोन वाजता, चार वाजता नाही, असं मी मुद्दाम म्हणते. घोडबंदरला रात्री कंटेनरची रांग लागली की गायमुखपासून माजिवड्यापर्यंतचा रस्ता कसा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसा एकदा फोन करून विचारून ठेवा की तुमच्या बाजूच्या कोणत्या हॉस्पिटलमध्ये रात्री मुलांचे डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात, नुसते "कॉलवर" नव्हे, आणि ॲड्रिनलिनचं नेब्युलायझेशन होतं का. जवळचं पण रात्री रिकामं हॉस्पिटल आणि दोन सिग्नल पुढचं, डॉक्टर असलेलं, यातलं दुसरं निवडा. गाडी एकाने चालवायची, मुलाकडे दुसऱ्याने बघायचं. मूल गंभीर वाटत असेल तर स्वतः गाडी न काढता 108.

त्याचं लसीकरणाचं कार्ड मात्र आत्ताच काढून बघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकला, घटसर्प आणि मी वर म्हटलेली लाळ गाळणारी गळ्याची सूज बहुधा ज्या जंतूमुळे येते तो हिब, या तिन्हींची लस असते. म्हणजे क्रूपचे तीन धोकादायक तोतये त्यातच अडवले जातात. पण त्यातल्या डांग्या-घटसर्पाच्या लसीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो, आणि तुमचा मुलगा 19 चा आहे. तो राहिला असेल तर खोकला थांबून मूल पूर्ववत झालं की घेऊन टाका. एक डोस स्टेरॉईड झालंय म्हणून ते पुढे ढकलायची गरज नाही. पाळणाघरात मात्र ताप जाऊन एक दिवस झाल्यावर आणि श्वास पूर्ण मोकळा झाल्यावरच पाठवा. विषाणू इतर मुलांना लागतो, आणि त्यांच्यापैकी एखादं भुंकेल.

काही मुलांना हे प्रत्येक सर्दीला होतं, कधी ताप नसतानाही, आणि सकाळी काही झालंच नव्हतं असं मूल उठतं. श्वासनलिका रुंद होत जाते तसं पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं थांबतं. पण वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा झालं, किंवा दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांतही श्वासाला आवाज राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून त्या बांगडीची वाट मुळातच अरुंद आहे का ते बघून घ्या.